‘नको’ऐवजी काय हवं ते लिहा
सदाशिव पेठेतल्या मावशींच्या फराळाची जाहिरात एआय मॉडेलकडून लिहून घेत होतो. ‘लांबण नको, “खमंग” नको’ असं बजावूनही ‘खमंग चकली’ आलीच. मॉडेल समोरच्या मजकुरावरून पुढचे शब्द निवडतं, आणि नको म्हटलेला शब्दही त्या मजकुरातच असतो. शिवाय नकाराने एक वाट बंद होते, पण धरायची कुठली ते कळत नाही.

मग लिहिलं: ‘तीन साधी वाक्यं. पहिल्यात पदार्थ आणि किलोचा भाव, दुसऱ्यात घटक, तिसऱ्यात ऑर्डरची शेवटची तारीख.’ मजकूर नोटिशीसारखा रुक्ष आला, पुण्यात चालतो.

‘पत्ता देऊ नकोस’सारखी पक्की बंदी मात्र ठेवा, फक्त पर्यायही द्या: ‘पत्त्याच्या जागी पेठेचं नाव लिही.’ मग तीच सूचना पाचदा चालवून, दर वेळी पाळली जाते का ते पाहा.