घोषणा टाळीवर तपासा

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ मोठ्याने म्हणून पाहा. दोन्ही तुकडे आठ-आठ मात्रांचे, प्रत्येकात दोन टाळ्या. ‘पाणी’ दोनदा येतं, ‘वा’वर यमक जुळतं, त्यामुळे पहिला अर्धा म्हटला की दुसरा आपोआप तोंडात येतो.

आता डेंग्यूसाठी ‘पाण्याच्या टाक्या नेहमी झाकून ठेवाव्यात’ घ्या. टाळी कुठे मारायची? त्याऐवजी ‘टाकी झाका, ताप टाळा’. ‘ताप टाळा’ मोजायला सातच मात्रा भरतात, पण ‘ताप’ जरा लांबवला की ताल जमतो. ‘टाकी-टाळा’मधला ‘ट’ दोन्ही अर्ध्यांना बांधतो. अनुप्रास इतकाच पुरे. ‘टाकी टिच्चून टाळ्यात टाका’ केलंत तर जीभ अडखळते आणि ताप राहतो बाजूला. पोरांकडून भरभर म्हणवून घ्या. अडखळतील तो शब्द बदला.