रिसॉर्टनं जाहिरातीतलं दिलं नाही तर पैसे असे मागा

मागच्या मे महिन्यात आम्ही चौघं चिखलदऱ्याला गेलो, दोन रात्रीचं पॅकेज १४,००० चं, त्यात डिलक्स एसी रूम, पूल आणि रात्रीचं जेवण लिहिलेलं. मिळाली साधी रूम, पुलात तळाला हिरवं पाणी अन् वाळलेला पाला, जेवण तर नाहीच, बाहेर ढाब्यावर जेवलो. पोरं टॉवेल खांद्यावर घेऊन तिथंच उभी राहिली, लई वाईट वाटलं.

तर भाऊ, तिथल्या तिथंच फोटो काढा. रूमच्या दाराचा नंबर दिसला पाहिजे, नुसती भिंत नको. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, नंतर ते बदलून टाकतात. अन् व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तारखेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका.

पूर्ण पैसे मागू नका, राहिलो तर आपण होतोच. हिशोब मांडा. त्यांच्याच रेटकार्डात डिलक्स अन् साध्या रूमचा फरक रात्रीला १,५०० होता, म्हणजे ३,०००, ढाब्याची दोन बिलं १,८००, पुलाचे अंदाजे १,०००, एकूण ५,८००. हे मेलवर फोटोसकट पाठवलं, १५ दिवसांची मुदत देऊन. उत्तर नाही आलं म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, मग रिसॉर्टवाल्यांचा फोन आला अन् ४,८०० परत मिळाले, पुलाचे नाही दिले. हेल्पलाइननंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते.