पॅनल आधी पक्कं करा, कँडिडेटला मेल मंग

इंटरव्ह्यूला तीन जणांचं पॅनल असलं ना, तर ग्रुपवर "कधी जमते?" असं विचारूच नका, तिघं तीन टाइम सांगतात अन् पूर्ण दिवस जाते. सगळ्यात बिझी माणूस पयले पकडा, आमच्याकडे तो प्लांट मॅनेजर, त्याच्याकडून दोन स्लॉट घ्या अन् बाकीच्यांना तेवढेच दाखवून फक्त हो-नाही विचारा. मागच्या खेपेला मंगळवार सकाळी ११ अन् बुधवार दुपारी ३ मिळाले, दोन्ही तिघांच्या कॅलेंडरवर "होल्ड" म्हणून टाकले, इंटरव्ह्यू ४५ मिनिटांचा पण होल्ड पूर्ण तासाचा, कारण नंतर फीडबॅक लिहायला टाइम लागतेच. अन् कॅलेंडर रिकामं दिसलं म्हणजे माणूस मोकळा असं समजू नका बाप्पा, बुटीबोरीत शॉप फ्लोअरवरचे लोक कॅलेंडर भरतच नाहीत, त्यांना सरळ फोन लावा.

तिघांनी ॲक्सेप्ट दाबल्यावरच कँडिडेटला दोन्ही स्लॉट पाठवले, उत्तराची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५. चंद्रपूरहून येणाऱ्या त्या मुलीनं बुधवार घेतला, तसा मंगळवारचा होल्ड लगेच काढला, नाहीतर पुढच्या वेळी तुमचा होल्ड कोणी सिरियसली घेत नाही. एक बदली इंटरव्ह्यूअरही आधीच विचारून ठेवा, पण तोच विषय विचारू शकणारा, खुर्ची भरायला कोणीतरी नको.