रिलीजआधी स्प्लिट लावा, आणि प्रत्येकाने स्वीकारल्याचं बघा

बँडचं गाणं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते ऑनलाइन संगीत सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, अपलोड केलं की पैसे मूळ खातेदाराच्या नावावर जमा होतात. इतरांचा वाटा स्प्लिटमध्ये, म्हणजे कमाईच्या टक्केवारीच्या वाटणीत, टाकावा लागतो, आणि तो रिलीजआधीच टाका. बऱ्याच ठिकाणी स्प्लिट मागच्या कमाईला लागू होत नाही. उशीर झाला, तर आधीचा हिशेब हाताने करत बसावं लागतं.

समजा, बँडमध्ये चौघं आहेत आणि निर्मात्याला १०% द्यायचे ठरलेत. आधी ते बाजूला काढा. उरलेले ९० चौघांत वाटले की प्रत्येकी २२.५% येतात. प्रत्येकी २५% आधीच लिहून ठेवलेत, तर निर्मात्यासाठी काहीच उरत नाही आणि ऐनवेळी वाद होतो.

खरी गडबड पुढे होते. प्रत्येकाला ईमेलवर आमंत्रण जातं आणि ते स्वीकारेपर्यंत त्याचा वाटा सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ईमेल तोंडी विचारून न घेता लिहून मागवा आणि रिलीजआधी प्रत्येक नावापुढची स्थिती तपासा. Pending दिसलं, तर लगेच फोन करा. अल्बम असेल तर हे प्रत्येक गाण्यासाठी पाहा. कारण पाहुणा गायक एखाद्याच गाण्यात असू शकतो.

हा वाटा फक्त रेकॉर्डिंगच्या कमाईचा असतो. गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीची नोंदणी वेगळी करावी लागते.