सुवर्णरोखा की सोनं? व्याज कशावर मिळतं ते आधी बघा

सार्वभौम सुवर्णरोखा म्हणजे सोन्याच्या भावाशी जोडलेला सरकारी रोखा. त्याचा परतावा काढताना बहुतेकांची चूक व्याजात होते. व्याज मिळतं ते इश्यू किमतीवर, म्हणजे रोखा निघाला तेव्हाच्या किमतीवर. सोनं कितीही चढलं तरी व्याजाची रक्कम तीच राहते.

पहिली मालिका घेऊ. नोव्हेंबर 2015 मध्ये इश्यू किंमत ग्रॅमला 2,684 रुपये होती, व्याज 2.75 टक्के. म्हणजे वर्षाला जेमतेम 74 रुपये, आठ वर्षांत सुमारे 590. नोव्हेंबर 2023 मध्ये परतफेड झाली 6,132 रुपयांनी. नुसत्या किमतीतली वाढ वर्षाला चक्रवाढीने 10.9 टक्के येते. व्याज त्या त्या तारखेला धरून एक्सेलमध्ये `XIRR` लावलं की ती 13 टक्क्यांच्या आसपास जाते. (व्याज करपात्र असतं, तेव्हा हातात थोडं कमी.)

आता तेच सोनं दागिना म्हणून घेतलं असतं तर? घडणावळ आणि कर मिळून 10 टक्के धरा, खरेदी पडली 2,952 रुपयांना. विकताना सराफाने 2 टक्के कापले, तर हातात 6,009. परतावा 9.3 टक्के. नाणं किंवा वळं घेतलं असतं तर हा फरक कमी झाला असता, म्हणून तुलनेत आपली खरी पावती वापरा.

रोखा शेअर बाजारातून घेतला असेल, तर गुंतवणूक म्हणून तुम्ही मोजलेली किंमत धरा, व्याज मात्र जुन्या इश्यू किमतीवरच काढा.