टेन्साइल टेस्टच्या रिपोर्टमध्ये ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस कसा काढावा आणि कसा लिहावा

यूटीएमवर नमुना लावणं, तो तोडणं, सॉफ्टवेअरमधून ग्राफ छापून घेणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी इथे ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमचा गोल नमुना घेतो, कारण माइल्ड स्टीलवर शिकलेली मंडळी सगळ्यात जास्त याच्यावर चुकतात. व्यास १० मिमी, गेज लांबी ५० मिमी, क्षेत्रफळ ७८.५४ चौरस मिमी.

व्यास तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा आणि मोजलेलाच लिहा. १० ऐवजी ९.९५ मिमी निघाला तर क्षेत्रफळ एक टक्क्याने कमी होतं, म्हणजे स्ट्रेसचा प्रत्येक आकडा एक टक्का चुकतो. ड्रॉइंगवरचा व्यास रिपोर्टमध्ये उतरवू नका.

सर्वाधिक भार काढणंही सोपं. या नमुन्याने जास्तीत जास्त २४.४ किलोन्यूटन भार घेतला, म्हणून टेन्साइल स्ट्रेंग्थ ३११ मेगापास्कल. झालं.

आता यील्ड. माइल्ड स्टीलच्या ग्राफमध्ये भार अचानक घसरतो, थोडा वेळ सपाट चालतो आणि मग पुन्हा चढतो. तिथे वरचा आणि खालचा यील्ड पॉइंट डोळ्यांना दिसतात. ६०६१ मध्ये असं काही होत नाही. सरळ रेघ हळूच वाकते आणि पुढे जाते, कुठला एक बिंदू दाखवता येत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये ‘यील्ड पॉइंट’ हा शब्द लिहू नका. ‘०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस’ असं लिहा, चिन्ह Rp0.2. याचा अर्थ इतकाच की या स्ट्रेसला नमुन्यात ०.२ टक्के कायमचा स्ट्रेन उरतो. ५० मिमी गेज लांबीवर तो ०.१ मिमी होतो.

काढण्याची रीत पुस्तकात एका ओळीत असते: स्ट्रेनच्या अक्षावर ०.००२ घ्या, तिथून ग्राफच्या सरळ भागाला समांतर रेघ ओढा, ती ग्राफला जिथे छेदेल तो स्ट्रेस वाचा. ही ओळ बरोबर आहे. पण ती एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे ग्राफवरचा स्ट्रेन खरोखर नमुन्याचा आहे. मी सुरुवातीला अडकलो तो इथेच.

माझ्या पहिल्या अ‍ॅल्युमिनियम रिपोर्टमध्ये मी लवचिकतेचा गुणांक, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, २० गिगापास्कल लिहिला होता. अ‍ॅल्युमिनियमचा तो साधारण ६९ ते ७० असतो. मशीन बरोबर होतं, लोड सेलचं कॅलिब्रेशन ताजं होतं, आकडेमोडही चुकली नव्हती. मी स्ट्रेन क्रॉसहेडच्या हालचालीवरून काढला होता. १० किलोन्यूटन भाराला स्ट्रेस १२७ मेगापास्कल येतो. त्या स्ट्रेसला ५० मिमी लांबीचं अ‍ॅल्युमिनियम फक्त ०.०९ मिमी ताणलं जातं. क्रॉसहेड मात्र ०.३२ मिमी सरकला होता. उरलेल्या हालचालीत जॉमध्ये नमुना बसणं, मशीनचे स्क्रू आणि फ्रेम ताणली जाणं आणि गेज लांबीबाहेरचा नमुन्याचा भाग ताणला जाणं हे सगळं मिसळलेलं असतं. मी ते सगळं ५० ने भागून त्याला नमुन्याचा स्ट्रेन म्हटलं.

यापुढची चूक मी इतरांच्या रिपोर्टमध्ये पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि ती जास्त घातक आहे. ग्राफचा उतार २० गिगापास्कल दिसतो, तो चुकीचा आहे हे लक्षात येतं, म्हणून माणूस ०.००२ पासूनची रेघ पुस्तकातल्या ६९ गिगापास्कलच्या उताराने ओढतो. ग्राफ आडवा पडलेला, रेघ उभी. दोन्ही कुठे मिळतात ते काढून बघा:

```
20000·e = 69000·(e − 0.002)
e = 138 / 49000 = 0.0028
R = 20000 × 0.0028 ≈ 56 MPa
```

२७५ च्या आसपास यायला हवा तिथे ५६ मेगापास्कल. म्हणून नियम पक्का धरा: रेघ त्याच ग्राफच्या सरळ भागाला समांतर ओढायची, पुस्तकातला उतार त्यात आणायचा नाही. आणि गुणांक रिपोर्टमध्ये द्यायचा असेल तर थेट नमुन्यावर बसून स्ट्रेन मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावलाच पाहिजे. तो लावला नसेल तर गुणांकाची ओळ काढून टाका. चुकीचा गुणांक लिहिण्यापेक्षा तो न लिहिणं कितीतरी बरं, कारण डिझाइन करणारा माणूस तो आकडा उचलून थेट वाकण्याच्या हिशोबात घालतो.

एक्स्टेन्सोमीटर असूनही एक जागा सांभाळावी लागते. ग्राफच्या तळाशी, पहिल्या एक-दोन किलोन्यूटनपर्यंत, रेघ बहुधा वाकडी असते. नमुना जॉमध्ये सरळ होत असतो. त्या भागाला उतार काढताना घेऊ नका. मी साधारण प्रूफ स्ट्रेसच्या १० ते ४० टक्क्यांमधला भाग घेतो, म्हणजे या नमुन्यात ३० ते ११० मेगापास्कल. त्या भागाची रेघ खाली वाढवून ती स्ट्रेनच्या अक्षाला जिथे भेटेल तिथे शून्य धरायचं आणि ०.००२ तिथून मोजायचे. समजा ती ०.०००५ वर भेटली आणि तुम्ही मशीनच्याच शून्यापासून मोजलंत, तर तुम्ही ०.२ च्या नावाखाली ०.१५ टक्के प्रूफ स्ट्रेस दिलात. ६०६१-टी६ मध्ये फरक थोडा पडतो, पण अ‍ॅनील केलेल्या स्टेनलेस स्टीलमध्ये, जिथे ग्राफ गोलसर वाकतो, तो नजरेत भरण्याइतका असतो. सॉफ्टवेअरने स्वतः काढलेला आकडा छापण्याआधी त्याने उतार कुठल्या दोन बिंदूंमध्ये धरला ते स्क्रीनवर उघडून बघा.

आमच्या नमुन्यात छेद २१.५७ किलोन्यूटनला आला, म्हणजे २७४.६ मेगापास्कल. रिपोर्टमध्ये २७५ लिहायचं. आपल्याकडे वापरतात त्या आयएस १६०८ चा आधार असलेल्या आयएसओ ६८९२-१ मध्ये स्ट्रेंग्थ पूर्ण मेगापास्कलमध्ये, तुटल्यानंतरचं इलाँगेशन अर्ध्या टक्क्यापर्यंत आणि क्षेत्रफळातली घट एक टक्क्यापर्यंत द्यायची पद्धत आहे. २७४.६४ लिहून अचूकता वाढत नाही.

निकालाचा परिच्छेद मी असा लिहितो:

‘६०६१-टी६ चा गोल नमुना, मोजलेला व्यास १०.०० मिमी, मूळ गेज लांबी ५० मिमी. प्रूफ स्ट्रेसपर्यंतचा स्ट्रेन ५० मिमी एक्स्टेन्सोमीटरने मोजला, त्यानंतर तो काढला. ग्राफमध्ये स्पष्ट यील्ड पॉइंट आढळला नाही. ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस २७५ मेगापास्कल, टेन्साइल स्ट्रेंग्थ ३११ मेगापास्कल, इलाँगेशन १४.० टक्के, क्षेत्रफळातली घट ४२ टक्के. नमुना गेज लांबीच्या मधल्या भागात तुटला.’

एक्स्टेन्सोमीटर कधी काढला हे लिहिलंच पाहिजे. नाहीतर ग्राफमध्ये त्या जागी दिसणारी उडी वाचणाऱ्याला धातूतला दोष वाटते.

सर्वाधिक भारानंतर ग्राफ खाली येतो. त्याचं वर्णन ‘धातू कमजोर झाला’ असं करू नका. नमुन्याला मान पडते, तिथलं क्षेत्रफळ झपाट्याने कमी होतं आणि आपण मात्र भार मूळ ७८.५४ नेच भागत राहतो. मानेतला खरा स्ट्रेस तेव्हाही वाढतच असतो. ‘सर्वाधिक भारानंतर मान पडून भार कमी होत गेला’ एवढं लिहा.

इलाँगेशन काढताना दोन्ही तुकडे घट्ट जुळवून खुणांमधलं अंतर मोजा. इथे ते ५७.१ मिमी आलं, म्हणजे १४.२ टक्के, लिहायचं १४.०. आकड्याशेजारी गेज लांबी द्यायला विसरू नका. त्याच धातूचा १० मिमी व्यासाचा नमुना ४० मिमीवर मोजला तर मानेचा वाटा वाढून टक्केवारी जास्त येते आणि दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट विनाकारण भांडतात. तुटलेली जागा जवळच्या खुणेपासून गेज लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जवळ असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. अशा वेळी आलेलं इलाँगेशन ठरलेल्या किमान मर्यादेइतकं किंवा जास्त असेल तर ते चालतं, कमी असेल तर त्या आकड्यावर धातू नापास करता येत नाही.