नाव तेच, पत्ता दुसरा: .eth नावावर पैसे पाठवताना या चुका टाळा

म्हापशाच्या एका मित्राला मी फोंड्याहून मार्चमध्ये इथरियमवरचं चलन, ०.१ ईथर, पाठवलं, त्याच्या .eth नावावर, म्हणजे लांबलचक वॉलेट-पत्त्याऐवजी वापरायच्या सोप्या नावावर. लगेच पोचलं. जूनमध्ये त्याच नावावर ०.२ पाठवलं. वॉलेटने व्यवहार यशस्वी दाखवला, पण मित्राचा फोन आला, "अरे, काहीच आलं नाही. ते नाव कधीच गेलं माझ्या हातातून."

माझी चूक एकच: मार्चमध्ये पोचलं म्हणून जूनमध्येही पोचेल असं मी धरून चाललो.

.eth नाव वर्षांच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. मित्राची मुदत १० जानेवारीला संपली होती. त्यानंतर ९० दिवस, म्हणजे १० एप्रिलपर्यंत, नूतनीकरण करून नाव त्याच्याकडेच ठेवता येत होतं, दुसऱ्या कुणाला ते घेता येत नव्हतं. पण मुदत संपली म्हणून नावामागची पत्त्याची नोंद आपोआप पुसली जात नाही. म्हणूनच मार्चचे पैसे बरोबर गेले. पुढे २१ दिवस नाव चढ्या, रोज उतरत जाणाऱ्या किमतीला विक्रीत असतं. मे महिन्यात कुणीतरी ते घेतलं आणि आपला पत्ता लावला. नाव विकलं गेलं किंवा मालकाचं वॉलेट चोरीला गेलं, तरी हेच होऊ शकतं.

पैशांच्या व्यवहारात नाव जातच नाही. पाठवण्याआधी वॉलेट त्या नावाचा 0x ने सुरू होणारा पत्ता शोधतं आणि पैसे त्या पत्त्यावर जातात. म्हणून तपासायचा तो पत्ता.

आता मी नाव टाकल्यावर खाली दिसणारा पूर्ण पत्ता, याआधी मित्राने मिळाल्याचं सांगितलेल्या व्यवहाराच्या पत्त्याशी ताडून पाहतो. पहिली-शेवटची चार अक्षरं पुरत नाहीत. तीच टोकं असलेले पत्ते मुद्दाम बनवून आपल्या व्यवहारांच्या यादीत घुसवले जातात, त्यामुळे यादीतून पत्ता उचलणंही धोक्याचं. मग app.ens.domains वर नावाची मुदत बघतो. मुदत संपलेली असेल किंवा पत्ता बदललेला असेल, तर तिथेच थांबतो.

पत्ता मित्राने स्वतःही बदललेला असू शकतो, म्हणून फरक दिसला की मी फोन करतो आणि पत्ता त्याच्या तोंडून ऐकतो. चॅटवर विचारत नाही, त्याचं खातंच कुणाच्या ताब्यात असेल तर उत्तरही तोच देईल. मोठी रक्कम असेल तर आधी थोडीशी पाठवतो. मात्र ही चाचणी चुकीच्या पत्त्यावरही "यशस्वी" दिसते, त्यामुळे मित्र "मला आले" म्हणाल्याशिवाय ती झाली असं मी मानत नाही.

व्यवहार अजून प्रलंबित असेल, तर वॉलेटमधून जास्त शुल्क देऊन तो रद्द करायचा प्रयत्न करता येतो. इथरियमवर साधारण दर १२ सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, येतो आणि त्यात गेलेला व्यवहार रद्द होत नाही, म्हणून हाताशी वेळ फार थोडा. माझा व्यवहार तेव्हा केव्हाच ब्लॉकमध्ये गेला होता, आणि ते ०.२ ईथर परत आलं नाही.